प्लीज, बिल कंपनीच्या नावाने!

हॉटेलला मेल पाठवायची घाई करू नका. पाहुणे यायच्या दोन दिवस आधीच 'बिल आमच्या कंपनीच्या नावाने करा' असा मेल टाकून मोकळी होणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं बिल पहिल्याच फटक्यात बरोबर येतं, अकाउंट्समधले काका टिकमार्क करतात आणि विषय संपतो. मग चहाच्या वेळी बोलायला काही उरत नाही. आमच्या गोरेगावच्या शाखेत असले प्रकार चालत नाहीत. आम्ही चार रात्रींच्या मुक्कामाचं बिल सहा महिने पुरवून पुरवून खाल्लं. ते कसं, हे तुम्हालाही जमावं म्हणून सांगतो.

आमचं मुख्य ऑफिस बंगळुरूला आणि शाखा मुंबईत. अंधेरीच्या एमआयडीसीत मुंबई शाखेच्याच एका ग्राहकाकडे यंत्र बसवायचं होतं, त्यासाठी बंगळुरूहून दोन इंजिनीअर आले. जवळच्याच एका हॉटेलात दोन खोल्या, प्रत्येकी ९,००० रुपये रोज, चार रात्री. म्हणजे भाडं ७२,००० रुपये. खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के, म्हणून कर १२,९६० रुपये. एकूण ८४,९६०. यातलं भाडं कंपनीचं गेलंच; पण कर मात्र, बिल नीट असेल तर, कंपनीला आपल्या जीएसटीच्या देण्यातून वळता करून घेता येतो. तेव्हा आपलं उद्दिष्ट स्पष्ट आहे : हे १२,९६० रुपये परत मिळता कामा नयेत, आणि तरीही आपण मेल पाठवला होता हे सिद्ध करता आलं पाहिजे.

पहिली पायरी म्हणजे शब्दांची निवड. बुकिंगच्या मेलमध्ये एवढंच लिहा : 'बिल टू कंपनी.' याच्यासारखं सुंदर वाक्य नाही. आपल्या मनात अर्थ असतो की बिलावर नाव कंपनीचं हवं. हॉटेलात मात्र याला बीटीसी म्हणतात आणि त्याचा अर्थ असा की पाहुणा पैसे न देता निघून जाईल, पैसे नंतर कंपनी देईल. त्यासाठी हॉटेलशी उधारीचा करार लागतो, कंपनीच्या लेटरहेडवरचं पत्र लागतं. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. त्यामुळे पाचव्या दिवशी पहाटे पाच वाजता, विमानाला दोन तास उरलेले असताना, रिसेप्शनवरच्या मुलाने विचारलं, "सर, बीटीसीचं पत्र आहे का?" इंजिनीअर म्हणाला, "मेल केलाय ना ऑफिसने!" मुलगा म्हणाला, "मेल आहे, पत्र नाहीये." बाहेर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. इंजिनीअरने मुकाट्याने स्वतःचं कार्ड पुढे केलं आणि स्वतःच्या नावाचं बिल खिशात घालून विमानतळ गाठला.

इथे एक गोष्ट निसटू देऊ नका. कर्मचाऱ्याने स्वतःच्या कार्डाने पैसे दिले म्हणून काही बिघडत नाही. पैसे कोणाच्या कार्डातून गेले आणि बिल कोणाच्या नावावर आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या दोन्ही एकाच वाक्यात कोंबल्या की काम फत्ते.

दुसरी पायरी : खरा मेल चेक-आऊटनंतर पाठवा. आमचा सोमवारी गेला, विषय 'अर्जंट'. (शुक्रवारी सुचलं होतं, पण साडेसहाची लोकल चुकली असती.) 'बिल कंपनीच्या नावाने करून द्या, जीएसटी नंबर सोबत जोडला आहे.' जोडलं होतं ते नोंदणी प्रमाणपत्र. म्हणजे त्याचा फोटो, तोही व्हॉट्सॲपवरून तीन जणांकडून फिरून आलेला. जीएसटी नंबर मेलमध्ये टाइप करू नये, कारण टाइप केला तर समोरचा तो जसाच्या तसा कॉपी करील. फोटोवरून वाचायला लागलं की ओ आणि शून्य यांचा खेळ रंगतो. खरं म्हणजे त्यातही सुटका आहे : पंधरा अक्षरांच्या या नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅनची, आणि पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार आकडे, मग एक अक्षर असा क्रम ठरलेला. म्हणजे या बारा जागांपैकी कुठे ओ आणि कुठे शून्य हे पाहताक्षणी सांगता येतं. हे हॉटेलला कळवू नका.

आता तिसरी पायरी, आणि ही माझी लाडकी. हॉटेलचा माणूस चांगला होता. 'नो प्रॉब्लेम सर' म्हणाला आणि तासाभरात नवीन पीडीएफ आली. वर कंपनीचं नाव, खाली जीएसटी नंबर, बिलाचा क्रमांक तोच, तारीख तीच. आम्ही प्रिंट काढून काकांच्या टेबलावर ठेवली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, "क्यूआर कोड कुठाय?"

मी म्हटलं, काका, कागद तर बघा, किती स्वच्छ आहे.

तर गंमत अशी असते. चेक-आऊटच्या वेळी बिल बनलं ते 'ग्राहक' या खात्यात. म्हणजे ज्याच्याकडे जीएसटी नंबर नाही असा सामान्य माणूस. हॉटेलच्या सिस्टीममध्ये ते बंद झालं, रात्रीच्या ऑडिटमध्ये दिवसाचा हिशोब मिटला. सोमवारी त्या मुलाने बिल बदललं नाही, छापील कागद बदलला. हॉटेलच्या जीएसटीआर-१ या विवरणात मात्र ती विक्री बिननावी ग्राहकांच्या एकगठ्ठा रकमेतच गेली. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या हॉटेलला कंपनीसाठीचं बिल आधी सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं. तिथून त्याला ६४ अक्षरांचा एक क्रमांक आणि क्यूआर कोड मिळतो. यालाच ई-इनव्हॉइस म्हणतात. आमच्या कागदावर ते काहीच नव्हतं, कारण पोर्टलला आमच्याबद्दल कोणी सांगितलंच नव्हतं.

आणि पोर्टलला माहीत नाही तर कर परत नाही. जुन्या काळी बिलाचा कागद फाइलला लावला की भागायचं. आता हॉटेलने पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत आपलं विवरण भरायचं, त्यातून १४ तारखेला आपल्या नावाने आलेल्या बिलांचं जीएसटीआर-२बी हे पत्रक तयार होतं, आणि त्यात ओळ दिसली तरच तो कर वळता करता येतो. काका दर महिन्याच्या १४ तारखेला पूजेला बसल्यासारखे ते उघडून बसतात. त्या १४ तारखेला ओळ नव्हती. तुम्हालाही आपलं बिल खरं की रंगवलेलं हे ओळखायचं असेल तर दोनच खुणा पाहा : मोठ्या हॉटेलच्या बिलावर क्यूआर आहे का, आणि पुढच्या महिन्यात २बीमध्ये ते येतं का. पण ओळखून करणार काय? त्यापेक्षा फाइल जाड होऊ द्या.

मग मी हॉटेलच्या अकाउंट्समधल्या ताईंना फोन लावला. एकदा नाही, सतरा वेळा तरी. ताई म्हणाल्या, "सर, आधीचं बिल असं खोडता येत नाही. त्याच्यावर क्रेडिट नोट काढून नवीन नंबरचं बिल करावं लागेल आणि विवरणातही तसं दाखवावं लागेल. आमच्या मॅनेजरची परवानगी लागते. तुम्ही आधी का नाही सांगितलंत?" या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देऊ नये. मी 'मेल केला होता' एवढंच म्हणालो, तेही खरंच होतं.

दोन महिन्यांनी, कोणत्या देवाला दया आली कोण जाणे, क्रेडिट नोट निघाली आणि नवीन बिल आलं. क्यूआरसकट. काकांना पेढा द्यावा अशा बेतात मी होतो. पुढची १४ तारीख आली, २बी उघडलं, आणि ओळ दिसली! फक्त ती खालच्या भागात होती, 'हा कर वळता करता येणार नाही' या सदरात.

कारण आता सांगतो, आणि हीच चौथी पायरी : नंबर मुख्य ऑफिसचा द्या. फोटोतलं प्रमाणपत्र बंगळुरूचं होतं, म्हणजे नंबर २९ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. कंपनी एकच, पॅन एकच, पण जीएसटीच्या लेखी बंगळुरूची कंपनी आणि गोरेगावची शाखा हे दोन वेगळे संसार. हॉटेलच्या खोलीच्या बाबतीत कायदा असा की सेवा जिथे इमारत आहे तिथे दिली गेली असं धरायचं. पाहुणा कुठून आला, पैसे कोणत्या शहरातून आले, याला किंमत नाही. खोली अंधेरीत, म्हणून कर निम्मा केंद्राचा आणि निम्मा महाराष्ट्राचा : ६,४८० अधिक ६,४८०. आणि महाराष्ट्रात भरलेला तो कर कर्नाटकच्या खात्यात घेता येत नाही. पोर्टल स्वतःच ती ओळ बाजूला काढून ठेवतं आणि कारणही लिहितं : विक्रेत्याचं राज्य आणि सेवेचं ठिकाण एक, घेणाऱ्याचं राज्य वेगळं.

यावर बंगळुरूच्या मोठ्या साहेबांनी एक अफलातून तोडगा काढला. ते म्हणाले, हॉटेलला सांगा, आम्ही परराज्यातले आहोत, तेव्हा आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा जीएसटी, लावा. मी तसा मेल लिहिला. ताईंचं उत्तर आलं ते मी अजून जपून ठेवलं आहे : 'सर, आमची खोली अंधेरीतच आहे.' एवढंच. एकाही सीएने मला हा कायदा इतक्या थोडक्यात समजावला नव्हता.

खरं तर आमच्याकडे २७ चा नंबर होता. काम मुंबई शाखेचं, ग्राहक मुंबई शाखेचा, हॉटेल मुंबईतलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून द्यायला हवा होता तो हाच नंबर. तो आमच्याच ऑफिसच्या दारावरच्या पाटीवर लिहिलेला आहे. जीएसटीत नंबर पाटीवर लावावाच लागतो. रोज त्याच्याखालून जेवायला जातो आम्ही.

आता इथे उतावीळ माणूस पाटीचा फोटो काढील, नंबर टाइप करील आणि मोकळा होईल. आमच्या नव्या मुलाने डोकं चालवलं. तो म्हणाला, बंगळुरूच्या नंबरात आणि मुंबईच्या नंबरात फरक फक्त राज्याचा. तर २९ खोडून २७ लिहू या. कल्पना चुकीची म्हणवत नाही, कारण मधली अक्षरं खरोखर तीच असतात : पॅन तोच, त्यापुढचा १ म्हणजे त्या राज्यातली पहिली नोंदणी, त्यापुढचा झेड तर जवळजवळ सगळ्यांनाच. पण पंधरावं अक्षर हे आधीच्या चौदांवरून गणित करून काढलेलं असतं. राज्य बदललं की ते बदलतं. हॉटेलच्या सिस्टीमने नंबर घ्यायलाच नकार दिला, 'चुकीचा नंबर'. आठवडा गेला त्यात, छान गेला.

मला या शेवटच्या अक्षराचं मोठं कौतुक वाटतं. एखादा आकडा चुकला तर ते ताबडतोब बोंब मारतं. पण तुम्ही दुसऱ्याच राज्यातला, अगदी खराखुरा, बिनचूक नंबर दिलात तर ते गप्प बसतं. कारण त्याच्या मते त्यात काहीच चूक नाही. म्हणून म्हणतो, चुकायचंच असेल तर बरोबर नंबर देऊन चुका.

जेवणाबद्दल दोन शब्द. चार रात्रींत आमच्या इंजिनीअरांनी हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये जेवणं केली आणि ती खोलीवर लावली. खोलीच्या भाड्यातच धरलेल्या नाश्त्याचा प्रश्न येत नाही, पण वेगळ्या जेवणावरचा कर आमच्यासारख्या कंपनीला वळता करता येत नाही, बिल कितीही सोनेरी असलं तरी. तेव्हा ते खोलीच्याच बिलात मिसळू द्या. वेगळं बिल मागितलं तर काकांना एका नजरेत कळेल की घेण्यासारखं काय आणि सोडण्यासारखं काय. मिसळलं तर त्यांना दुपारभर पेन्सिल घेऊन बसता येईल. माणसाला निवृत्तीपर्यंत काम हवं.

बुकिंग एखाद्या पोर्टलवरून केलं असेल तर तुम्ही माझ्याही पुढचे. कित्येकदा हॉटेल पोर्टलला बिल करतं आणि पोर्टल तुम्हाला. मग तुम्ही हॉटेलला मेल करत राहायचं, हॉटेल म्हणणार पोर्टलला विचारा, पोर्टलवर एक बाई रेकॉर्डेड आवाजात तुमचा कॉल महत्त्वाचा असल्याचं सांगणार. यावर मी जास्त लिहीत नाही, तो वेगळ्या पातळीचा साधक असतो.

शेवटी, कसा मेल कधीही पाठवू नये याचा नमुना देतो. हा आमच्या शेजारच्या ऑफिसातल्या बाईंचा आहे. असले मेल इंग्रजीत असतात, मी मराठीत सांगतो. पाहुणे येण्याच्या तीन दिवस आधी, हॉटेलच्या रिझर्व्हेशनला, आणि कॉपी त्यांच्या अकाउंट्सला. विषयात बुकिंगचा क्रमांक आणि मुक्कामाच्या तारखा. मजकूर :

'नमस्कार. या बुकिंगचं टॅक्स इनव्हॉइस खालील नावाने करावं. नाव : जीएसटी पोर्टलवर जसं आहे तसं, प्रायव्हेट लिमिटेडसकट. पत्ता : आमच्या महाराष्ट्रातल्या नोंदणीचा, गोरेगावचा. जीएसटी नंबर : २७ ने सुरू होणारा, खाली टाइप केला आहे, कृपया कॉपी करावा. पैसे पाहुणे स्वतः चेक-आऊटच्या वेळी देतील, उधारी नको. इनव्हॉइस मात्र कंपनीच्याच नावाने हवं. जेवण व इतर खर्चाचं बिल वेगळं करावं. ई-इनव्हॉइस लागू असेल तर क्यूआरसह प्रत याच मेलवर पाठवावी. ही माहिती बुकिंगमध्ये नोंदवल्याचं कृपया चेक-इनआधी कळवावं.'

उत्तर आलं नाही तर बाई फोन करतात. एवढ्यावरही त्या थांबत नाहीत. पाहुण्याला या मेलची प्रिंट देतात आणि बजावतात की चेक-इनलाच ती रिसेप्शनवर दाखव, आणि पैसे द्यायच्या आधी बिलाचा कच्चा नमुना मागून तीन गोष्टी बघ : नाव कोणाचं, नंबराचे पहिले दोन आकडे कोणते, आणि कर दोन सारख्या भागांत पडलाय का. पहाटे पाच वाजता! माणुसकी म्हणून काही असते की नाही? त्यांच्या ऑफिसात १४ तारखेला काका शांतपणे डबा खातात म्हणे.

आमचं बिल अजून सुरू आहे. ताईंनी आता दुसरी क्रेडिट नोट काढायला मॅनेजरकडे फाइल पाठवली आहे, आणि मॅनेजर बदलले आहेत. काकांनी कॅलेंडरवर ३० नोव्हेंबरला लाल गोल केला आहे, कारण आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलं तर तोपर्यंत, घेतला नाही तर तो कर कायमचा गेला. मी त्यांना म्हटलं, काका, अजून वेळ आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्या सोमवारी तेच दोघे इंजिनीअर पुन्हा येत आहेत. हॉटेल तेच. मेल ड्राफ्टमध्ये तयार ठेवला आहे, विषय 'अर्जंट'. शुक्रवारी त्यांचं विमान सुटलं की पाठवतो.